चाळीस हजार दोनदा, वाटणी मात्र वेगळी

नवा भागीदार आला की त्याच्यासोबत संस्थेत पैसा येतो आणि जुन्या मालमत्तेच्या किमतीही नव्याने लावल्या जातात. बारावीच्या पुस्तपालनात हा धडा शिकणाऱ्या अनेकांचा समज असतो की, यातून जे काही मिळेल ते जुन्या भागीदारांत जुन्या प्रमाणात वाटून टाकले की काम संपले. हा समज निम्मा खरा आहे, म्हणूनच तो टिकून राहतो. तो कुठे मोडतो, हे एका उदाहरणात पाहू.

अ आणि ब यांचे शालेय साहित्याचे दुकान आहे, असे धरू. नफा-तोट्याचे प्रमाण 3:2. भांडवल अनुक्रमे 3,00,000 आणि 2,00,000 रुपये, सामान्य राखीव निधी 50,000 आणि धनकोंचे देणे 80,000. दुसऱ्या बाजूला इमारत 3,00,000, मालसाठा 1,20,000, ऋणको 1,00,000, फर्निचर 60,000 आणि बँकेतील शिल्लक 50,000. ताळेबंद 6,30,000 ला जुळतो. आता क एक पंचमांश हिश्श्यासाठी येतो. तो भांडवल म्हणून 1,50,000 आणि ख्यातीपोटी 40,000 रुपये आणतो. नवे प्रमाण 5:3:2 ठरते.

हे ख्यातीचे 40,000 आले कुठून? गेल्या तीन वर्षांचा नफा 90,000, 1,00,000 आणि 1,10,000 असेल, तर सरासरी 1,00,000 येते. करारात सरासरी नफ्याच्या दुप्पट ख्याती धरायची ठरली असेल, तर दुकानाची ख्याती 2,00,000 होते. त्यातला क चा पाचवा हिस्सा म्हणजे 40,000.

पहिला गैरसमज असा की, ही रक्कम संस्थेचे उत्पन्न आहे, म्हणून ती 3:2 मध्ये 24,000 आणि 16,000 अशी वाटावी. मुळात हे उत्पन्न नव्हे. दुकानाचा पुढच्या वर्षांतला नफा आता तिघांत वाटला जाणार आहे. क ला जो हिस्सा मिळतो, तो कुणीतरी सोडल्याशिवाय मिळत नाही, आणि 40,000 रुपये हा त्या सोडलेल्या हिश्श्याचा मोबदला आहे. त्यामुळे वाटणीआधी प्रश्न विचारायचा तो एवढाच, की कुणी किती सोडले? अ चा हिस्सा 60 टक्क्यांवरून 50 वर आला आणि ब चा 40 वरून 30 वर. दोघांनीही दहा-दहा टक्केच सोडले. त्यागाचे प्रमाण 1:1 आहे, म्हणून दोघांच्या भांडवल खात्यात 20,000-20,000 जमा होतात. जुन्या प्रमाणाने वाटले असते, तर ब चे 4,000 रुपये विनाकारण अ कडे गेले असते.

मग अनेकदा 3:2 ने वाटूनही उत्तर बरोबर कसे येते? प्रश्नात फक्त ‘क ला एक पंचमांश हिस्सा दिला’ एवढेच म्हटले असेल, तर उरलेले चार पंचमांश अ आणि ब जुन्याच प्रमाणात वाटून घेतात असे धरतात. नवे प्रमाण 12:8:5 होते आणि त्यागाचे प्रमाण आपोआप 3:2 निघते. तिथे चुकीची वाट योग्य ठिकाणी पोचते, आणि विद्यार्थी तोच नियम समजून बसतो. याउलट क चा सगळा हिस्सा एकट्या अ ने सोडला असेल, तर पूर्ण 40,000 अ चे. ब ला एक पैसाही नाही. नवे आणि जुने, दोन्ही प्रमाणे दिलेली असतील तेव्हा वजाबाकी करूनच पुढे जावे.

ख्यातीबाबत आणखी एक सवय जुन्या पद्धतीतून उरली आहे. ती म्हणजे 2,00,000 ची ख्याती मालमत्ता म्हणून ताळेबंदात उभी करणे. संस्थेने स्वतः कमावलेली ख्याती पुस्तकात मालमत्ता म्हणून दाखवायची नाही, असे लेखांकन मानक 26 सांगते. विकत घेतलेल्या ख्यातीचीच नोंद होते. जुन्या ताळेबंदात आधीच ख्याती दिसत असेल, तर ती जुन्या भागीदारांच्या खात्यांवर जुन्या प्रमाणात नावे टाकून काढून टाकतात. तिथे प्रमाण जुनेच लागते, कारण ती आकडेमोड क येण्याआधीची आहे.

हाच धागा पुनर्मूल्यांकनात पुढे जातो. दुकानाची इमारत आता 3,60,000 ची ठरते. मालसाठा 10,000 नी कमी धरावा लागतो, ऋणकोंवर 5 टक्के म्हणजे 5,000 ची संशयित बुडीत कर्जाची तरतूद करावी लागते आणि नोंदवायचे राहिलेले 5,000 चे वीजबिल सापडते. पुनर्मूल्यांकन खात्याच्या जमा बाजूला 60,000 आणि नावे बाजूला 20,000 येतात. नफा 40,000.

रक्कम तीच, पण वाटणी निराळी: अ ला 24,000 आणि ब ला 16,000. इथे कुणी काही सोडलेले नाही. इमारतीची किंमत वाढली ती अ आणि ब 3:2 ने भागीदार असतानाच्या काळात, तेव्हा ती वाढ त्याच प्रमाणात त्यांची. राखीव निधीचे 50,000 देखील याच न्यायाने 30,000 आणि 20,000 असे जातात.

‘हा तर कागदावरचा नफा, पैसा कुठे आला?’ असे म्हणून पुनर्मूल्यांकन टाळले तर काय होते, हे पाहण्यासारखे आहे. समजा इमारत 3,00,000 लाच ठेवली आणि सहा महिन्यांनी 3,60,000 ला विकली. तो 60,000 चा नफा आता 5:3:2 ने वाटला जाईल आणि क ला 12,000 मिळतील. ज्या वाढीच्या काळात तो दुकानात नव्हताच, तिचा वाटा त्याच्या खिशात जातो आणि अ व ब प्रत्येकी 6,000 गमावतात. किमती घसरलेल्या असतील, तर हाच अन्याय क वर होतो. दोन्ही बाजूंना पुनर्मूल्यांकन हवे ते यासाठी.

शब्द नीट वाचण्याचीही गरज आहे. इमारत 20 टक्क्यांनी वाढवायची असेल, तर 3,60,000 होते. पण इमारत खऱ्या किमतीपेक्षा 20 टक्के कमी दाखवली आहे असे म्हटले असेल, तर 3,00,000 हे खऱ्या किमतीचे 80 टक्के आहेत आणि खरी किंमत 3,75,000 ठरते.

सर्व नोंदी झाल्यावर अ चे भांडवल 3,74,000, ब चे 2,56,000 आणि क चे 1,50,000 होते. धनकोंचे 80,000 आणि वीजबिलाचे 5,000 मिळवले की देयता बाजू 8,65,000. पलीकडे इमारत 3,60,000, मालसाठा 1,10,000, ऋणको तरतूद वजा जाता 95,000, फर्निचर 60,000 आणि बँक 2,40,000, म्हणजे तेवढेच. मात्र ताळेबंद जुळला म्हणजे उत्तर बरोबर, हाही गैरसमजच. ख्याती 24,000 आणि 16,000 अशी वाटली असती तरी तो जुळलाच असता, कारण एकाच्या खात्यात जास्त गेलेले दुसऱ्याच्या खात्यात कमी पडते आणि बेरीज बदलत नाही. म्हणून ताळेबंदावर विसंबण्याऐवजी त्यागाची वजाबाकी उत्तरपत्रिकेत स्वतंत्र मांडावी आणि ती पुन्हा तपासावी.

शेवटी धनकोंच्या त्या 80,000 विषयी. क त्या देण्याला वैयक्तिकरीत्या बांधला गेला, असे अनेक जण धरून चालतात. भारतीय भागीदारी कायदा, 1932 च्या कलम 31 नुसार, वेगळा करार नसेल तर, सर्व भागीदारांच्या संमतीशिवाय नवा भागीदार घेता येत नाही, आणि आत आल्याने तो आपल्या प्रवेशाआधीच्या व्यवहारांना जबाबदार ठरत नाही. नव्या संस्थेने ती देणी स्वीकारली आणि धनकोनेही ते मान्य केले, तरच क वर ती जबाबदारी येते.