टीव्हीची उंची बसून ठरवा

नवा टीव्ही घरी आला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस ड्रिल घेऊन येतो आणि विचारतो, "किती उंच लावू?" त्या क्षणी घरातले सगळे उभे असतात. उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून पाच फुटांच्या आसपास असतात, त्यामुळे "अजून थोडा वर घ्या" म्हणत म्हणत टीव्ही तिथेच जाऊन बसतो. बिल्डरने भिंतीत दिलेला पॉइंटही वरच असेल, तर तो झाकायची आयती सबब मिळते. टीव्ही बघायचा मात्र बसून असतो.

सोफ्यावर बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ३८ ते ४२ इंचांवर येतात. स्क्रीनचा मध्य तिथे किंवा त्याहून दोन-चार इंच खाली असावा, कारण नजर आरामात असते तेव्हा ती थोडी खालीच झुकलेली असते. सतत वर बघायचं म्हटलं की हनुवटी उचलावी लागते आणि दोन तासांच्या सिनेमानंतर मान सांगते की काय चुकलं.

नेहमीचा दहा बाय पंधराचा हॉल घ्या. एका लांब भिंतीला सोफा, समोरच्या भिंतीवर टीव्ही. मधलं अंतर कागदावर दहा फूट, पण सोफ्याच्या पाठीमुळे बसणाऱ्याचं डोकं भिंतीपासून दीड फूट पुढे येतं आणि ब्रॅकेटमुळे स्क्रीनही काही इंच पुढे सरकते. म्हणजे डोळ्यांपासून स्क्रीन आठ फूट. अंतर स्क्रीनच्या कर्णाच्या सव्वा ते पावणेदोन पट असलं की चित्र डोळ्यांत भरतं. आठ फूट म्हणजे ९६ इंच. इथे ५५ इंची टीव्ही पावणेदोन पटीवर नीट बसतो, ६५ इंचीही चालतो. ४३ इंची घेतला तर क्रिकेटचा स्कोअर वाचायला डोळे बारीक करावे लागतील. मात्र ज्या घरात साध्या, एचडी नसलेल्या वाहिन्याच जास्त चालतात, तिथे मोठी स्क्रीन त्या चित्राचा फिकटपणा आणि फाटलेपणा उघडा पाडते. त्यांनी मोठ्याचा मोह टाळलेला बरा.

आता उंची. ५५ इंची स्क्रीन सुमारे २७ इंच उंच असते. मध्य ३९ इंचांवर ठेवला तर खालची कड साधारण २५ इंचांवर येते आणि खाली १८ ते २० इंचांचं टीव्ही युनिट सहज मावतं. उभ्याने बघितलं तर हे फार खाली वाटतं, अगदी पाहुणेसुद्धा बोलून दाखवतात. म्हणून जुन्या वर्तमानपत्रांचा ४८ बाय २७ इंचांचा तुकडा चिकटवून घ्या, भिंतीवर लावा आणि दोन संध्याकाळी सोफ्यावर बसून त्याच्याकडे बघा. रात्री खाली पाट मांडून जेवायची पद्धत असेल तर तिथूनही बघा. खाली बसलेल्याचे डोळे ३० इंचांवर असतात. टीव्हीचा मध्य पाच फुटांवर असेल तर त्याला अडीच फूट वर बघत जेवावं लागतं, तेही स्क्रीनच्या आणखी जवळून. रिक्लायनरवर पाठ टाकून बघणाऱ्यांना चार-पाच इंच जास्त उंची चालते, कारण तिथे नजरच वर उचललेली असते.

काही कारणाने टीव्ही वरच लावावा लागला तर खाली झुकणारं ब्रॅकेट घ्या. त्याने रंग आणि उजेड बरे दिसतील, कारण बऱ्याच एलईडी पॅनेलचं चित्र तिरक्या कोनातून फिकं पडतं. मानेचा त्रास मात्र त्याने जात नाही.

भोक पाडताना एक घोटाळा हमखास होतो. टीव्हीच्या पाठीवरची स्क्रूची भोकं बरेचदा मधोमध नसतात, थोडी खाली असतात. म्हणून ब्रॅकेटचा मध्य ३९ इंचांवर धरला की टीव्ही ठरवल्यापेक्षा वर जातो. आधी टीव्ही पालथा ठेवून खालच्या कडेपासून भोकांपर्यंतचं अंतर मोजा, ते २५ इंचांत मिळवा आणि मग भिंतीवर खूण करा. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि खाली वायर गेलेल्या असतात, तो पट्टा सोडा.

पहिलं भोक पडताना खाली पडणाऱ्या भुकटीकडे लक्ष ठेवा. लाल भुकटी म्हणजे वीट, राखाडी आणि ड्रिल अडतंय म्हणजे काँक्रीट. दोन्हीकडे नेहमीचा रावळप्लग पकड घेतो. प्लास्टर संपल्यावर पांढुरकी, मऊ भुकटी सरसर पडू लागली आणि ड्रिल विनासायास आत गेलं, तर भिंत हलक्या ब्लॉकची आहे. नव्या इमारतींत अशा भिंती पुष्कळ असतात. तिथे ड्रिलचा हॅमर बंद करून भोक पाडायचं आणि त्या ब्लॉकसाठी मिळणारे लांब प्लग वापरायचे. साधा प्लग पहिल्या दिवशी घट्ट वाटतो, पण टीव्हीच्या पंधरा-एक किलोच्या ओझ्याने महिनाभरात सैल पडू शकतो. ब्रॅकेटची वरची कड भिंतीपासून केसभर सुटलेली दिसली, तर आधी टीव्ही उतरवा.