आठ ग्लास पाण्याचा हिशेब

रोज आठ ग्लास पाणी प्यायलाच हवे, या नियमाला शास्त्रीय पुरावा नाही. अमेरिकेतील मूत्रपिंडतज्ज्ञ हाइन्झ वाल्टिन यांनी याचा कसून शोध घेतला आणि २००२ साली तो प्रसिद्ध केला. निरोगी माणसासाठी असा आकडा सिद्ध करणारा एकही अभ्यास त्यांना सापडला नाही.

या समजुतीचे मूळ बहुधा १९४५ सालच्या एका अमेरिकी आहार-शिफारशीत असावे. प्रौढ माणसाला दिवसाला अडीच लिटर पाणी लागते, असे तीत म्हटले होते. मात्र त्यातले बरेचसे पाणी शिजवलेल्या अन्नातूनच मिळते, असेही तीत पुढे म्हटले होते. ते वाक्य मागे पडले आणि आकडा तेवढा लोकांच्या तोंडी राहिला.

गळालेल्या वाक्याचे मोल दुपारच्या ताटावरून कळते. दोनशे ग्रॅम भातात सुमारे १४० मिली पाणी असते. वाटीभर पातळ वरणात सव्वाशेच्या आसपास, लहान ग्लासभर ताकात १८० आणि चार-पाच फोडी काकडीत ५०. म्हणजे पाण्याच्या भांड्याला हात न लावताही एका जेवणातून जवळपास अर्धा लिटर पाणी पोटात जाते. चहा-कॉफीही यात धरावी. नेहमी चहा पिणाऱ्याच्या शरीरातले पाणी त्यामुळे घटत नाही.

उरलेला हिशेब शरीर स्वतः ठेवते. रक्तातल्या क्षारांचे प्रमाण एक-दोन टक्क्यांनी जरी वाढले, तरी मेंदूला ते कळते. तो एक संप्रेरक सोडतो, त्यामुळे मूत्रपिंडे पाणी राखून ठेवतात आणि लघवी गडद होते. सोबत तहानही लागते. म्हणून तहान लागली म्हणजे शरीराला अपाय होऊन गेला, ही भीती निराधार आहे. दिवसभर लघवी फिकट पिवळी असेल, तर पाणी पुरेसे आहे. मात्र ‘ब’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी आणि काविळीतही तिचा रंग बदलतो, हे लक्षात ठेवावे.

तहानेवर सगळ्यांनाच विसंबता येत नाही. उतारवयात ती मंदावते, म्हणून म्हाताऱ्या माणसांना आठवणीने पाणी द्यावे लागते. मुतखडा झालेल्यांनी दिवसाला किमान दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे, असे डॉक्टर सांगतात. उन्हात राबणाऱ्याला तर आठ ग्लास कमीच पडतील. उलट हृदय किंवा मूत्रपिंडे निकामी होत असलेल्या रुग्णाला पाणी मोजूनच दिले जाते.

अतिरेकाचा धोकाही खरा आहे. मूत्रपिंडे तासाला साधारण लिटरभर पाणीच बाहेर टाकू शकतात. त्याहून जास्त प्यायले, की रक्तातले सोडियम पातळ होते, मळमळ आणि डोकेदुखी सुरू होते, पुढे मेंदूला सूज येऊ शकते. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांचे सोडियम उतरलेले आढळले. धावताना ज्यांचे वजन घटण्याऐवजी वाढले होते, त्यांच्यात हे प्रमाण जास्त होते.