पैसेवारी उतरते तेव्हा बेकारी किती वाढते?

पाऊस दगा देतो त्या वर्षी तहसील कचेरीत दोन आकडे जमू लागतात. पहिला पैसेवारीचा. गावात चांगल्या हंगामात जे पीक अपेक्षित असते, त्याच्या मानाने यंदा किती हाती आले, हे तो सांगतो. दुसरा आकडा रोजगार हमीच्या कामांवरील हजेरीचा. पैसेवारी खाली आली की हजेरी वर जाते, हे परभणी जिल्ह्यातील कोणाही जुन्या तलाठ्यास सांगावे लागत नाही. परंतु किती खाली आली म्हणजे किती वर जाईल, या प्रश्नाचे उत्तर मात्र सहजासहजी देता येत नाही. अर्थशास्त्रात याच प्रश्नाचे एक ठोकळ उत्तर १९६२ पासून प्रचलित आहे. त्यास ओकनचा नियम म्हणतात.

आर्थर ओकन हे अमेरिकेतील येल विद्यापीठात अर्थशास्त्राचे अध्यापक होते. पुढे १९६८-६९ मध्ये ते अध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार मंडळाचे प्रमुखही झाले. बेकारी कमी केल्यास राष्ट्राच्या उत्पादनात नेमकी किती भर पडेल, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. शंभरातील चार माणसे बेकार असताना देश जेवढे उत्पादन करू शकतो, त्यास त्यांनी संभाव्य उत्पादन मानले. मागील काही वर्षांचे आकडे ताडून पाहिल्यावर त्यांना आढळले की, बेकारीचे प्रमाण चार टक्क्यांच्या वर एका टक्क्याने गेले, तर त्या वेळचे उत्पादन संभाव्य पातळीपेक्षा सुमारे तीन टक्क्यांनी, नेमके सांगावयाचे तर ३.२ टक्क्यांनी, कमी पडलेले असते. १९६१ मध्ये अमेरिकेतील बेकारीची वार्षिक सरासरी ६.७ टक्के होती. म्हणजे चारपेक्षा २.७ टक्के अधिक. २.७ ला ३.२ ने गुणिले असता सुमारे ८.६ येतात. तेवढ्या टक्क्यांचे उत्पादन देशाने हातचे घालविले होते, असा या हिशोबाचा अर्थ. नंतरच्या अभ्यासांत हे प्रमाण तिनाऐवजी दोनाच्या जवळ आले. नियम म्हटले तरी हा निसर्गनियम नव्हे. अनुभवावरून बांधलेला तो एक आडाखा आहे, आणि देशपरत्वे व काळपरत्वे तो बदलतो.

उत्पादन तीन टक्क्यांनी घटले तर माणसेही तीन टक्के रिकामी व्हावयास हवीत, एकच टक्का का, असे वाचकाच्या मनात येईल. त्याचे कारण असे की, मागणी घटली म्हणून कारखानदार कसबी कामगारास लगेच घरी बसवीत नाही. आधी जादा पाळी बंद होते, कामाचे तास कमी होतात. माणसे कामावर राहतात, पण त्यांच्या हातून माल कमी निघतो. ज्यांची नोकरी जाते त्यांतील काही जण शोध घेऊन थकतात आणि काम मागणेच सोडून देतात. काम न मागणारा माणूस बेकारांच्या गणनेत येत नाही. उत्पादनातील मोठी तूट बेकारीच्या आकड्यात लहान होऊन दिसते ती यामुळे.

कापसाच्या चार एकरांचा हिशोब

हीच गोष्ट परभणीच्या काळ्या जमिनीत कशी घडते, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहता येईल. सोयीसाठी गोल आकडे घेतले आहेत. एका कुटुंबाकडे चार एकर कोरडवाहू कापूस आहे. बऱ्या वर्षी २४ क्विंटल कापूस निघतो. लावणी, खुरपणी, कोळपणी, फवारणी यांस मिळून ७० मनुष्यदिवस लागतात. वेचणीत एक बाई दिवसाला ३० किलो वेचते असे धरले, तर २,४०० किलोंस ८० दिवस लागतात. एकूण १५० दिवसांचे काम झाले.

आता ऑगस्टनंतर पाऊस उघडला आणि पीक निम्म्यावर आले, म्हणजे १२ क्विंटल झाले असे समजू. आधीच्या कामांचे ७० दिवस तर खर्च होऊन गेलेले आहेत. बोंडे विरळ असल्यामुळे वेचणारीला दिवसाकाठी २० किलोच मिळतात. तेव्हा १,२०० किलोंस ६० दिवस लागतात. एकूण १३० दिवस झाले. उत्पादन ५० टक्क्यांनी घटले, काम मात्र १३ टक्क्यांनीच. अमेरिकेतील कारखान्याची जी कथा, तीच येथे शेतात दिसते.

परंतु हे वीस दिवस कोणाचे गेले? बऱ्या वर्षी १५० पैकी ९० दिवस घरची माणसे राबत होती व ६० दिवस मजूर लावले जात होते. तंगीच्या वर्षी घरची माणसे आपले ९० दिवस सोडीत नाहीत, उलट जमल्यास वाढवितात. मजुरांना ४० दिवस उरतात. कामाची एकूण घट १३ टक्के असली, तरी शेतमजूर स्त्रीच्या वाट्याला आलेली घट ३३ टक्के असते. सरासरीच्या आड हा फरक झाकला जातो, म्हणून भूमिहीन कुटुंबांचा विचार वेगळा करावा लागतो.

पाऊस कोणत्या वेळी फसला, यावरही प्रमाण अवलंबून असते. पेरणीच झाली नाही, किंवा परतीचा पाऊस न आल्याने रब्बीची ज्वारी पेरता आली नाही, तर पीक आणि काम दोन्ही एकदमच जातात. याउलट काढणीच्या तोंडावर अतिवृष्टी झाली, जशी मराठवाड्यात २०२५ च्या सप्टेंबरमध्ये झाली, तर सोयाबीनवरील बहुतेक श्रम आधीच खर्च झालेले असतात. पीक जाते, पण हंगामातील कामाचे दिवस फारसे घटलेले दिसत नाहीत. तो फटका पुढे, पैसा नसल्यामुळे, जाणवतो. एकाच पैसेवारीच्या दोन गावांत कामाची गरज सारखी असेलच असे नाही, ते यासाठी.

बेकार कोणास म्हणावे?

ओकनच्या नियमाची खरी अडचण बेकारीच्या मोजणीत आहे. वरील उदाहरणातील शेतकरी वर्षभर 'शेती करणारा' आहे. त्याला बेकार कोण म्हणेल? भारतातील बेकारी एकाच आकड्यात मांडणे योग्य नाही, असे प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने १९७० मध्ये स्पष्ट केले. त्यानंतर राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९७२-७३ च्या फेरीपासून माणसाची स्थिती तीन मापांनी पाहण्यात येऊ लागली: वर्षातील नेहमीची, चालू आठवड्याची आणि चालू दिवसाची. दैनिक मापात दिवसाचेही अर्धे भाग पाडले जात. मजूर स्त्रीचे बुडालेले वीस दिवस याच मापात उमटतात. वार्षिक मापात तिने वर्षाचा बराच भाग काम केलेले असल्याने ती रोजगारातच गणली जाते.

हे माप चुकीचे निवडले तर निष्कर्ष किती उलटा निघतो, याचे उदाहरण अलीकडचे आहे. करोनाच्या टाळेबंदीमुळे २०२०-२१ मध्ये देशाचे उत्पादन साडेपाच टक्क्यांहून अधिक घटले. नियमाप्रमाणे बेकारी वाढावयास हवी होती. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत शहरी बेकारी वीस टक्क्यांच्या वर गेलीही. परंतु श्रमबल पाहणीच्या नेहमीच्या स्थितीच्या मापात देशाचे वार्षिक प्रमाण २०१९-२० मधील ४.८ वरून २०२०-२१ मध्ये ४.२ टक्क्यांवर उतरले. पुण्यामुंबईचे काम सुटलेला माणूस गावी परतला, भावाच्या शेतात हात लावू लागला आणि शेती करणारा म्हणून नोंदला गेला. कामगारांतील शेतीचा वाटा त्या काळात वाढला. हातांना काम होते, पण त्या कामातून घराचे उत्पन्न वाढत होते असे नाही. यासच छुपी बेकारी म्हणतात.

दुष्काळातील तूट वेगळी

आणखी एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. ओकन यांच्यापुढील तूट मागणीच्या अभावाची होती. यंत्रे होती, माणसे होती, गिऱ्हाईक नव्हते. लोकांच्या हाती पैसा आला की दोन्ही पुन्हा चालू होत. दुष्काळात उत्पादनाची शक्तीच त्या वर्षापुरती आटलेली असते. नुसती मजुरी वाटल्याने ज्वारी पिकत नाही; तिचा भाव मात्र चढतो. १९७२-७३ च्या दुष्काळात हा धडा महाराष्ट्रास मिळाला. मे १९७३ च्या सुमारास राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लक्ष मजूर होते. मजुरीच्या जोडीला धान्यही पुरवावे लागले. परदेशातून आलेला मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी त्या पिढीच्या स्मरणात आहे ती यामुळे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीस १९७७ च्या कायद्याने आधार मिळाला आणि तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला.

मात्र दुष्काळाची दुसरी लाट ओकनच्याच जातीची असते. कापूस कमी आला की मानवत, सेलू येथील जिनिंगचे दिवस कमी होतात, बाजार समितीतील हमालांच्या पाठीवरची पोती घटतात, टेम्पो उभे राहतात, शिंप्याकडे कपडे येत नाहीत. येथे माणसे व साधने दोन्ही हजर असतात, मागणी नसते. हमीच्या कामावरील मजुरी वेळेवर मिळाली तर आठवडी बाजारात ही बाजू बरीच सावरते. मजुरी दोन महिने रखडली तर तोच खर्च झालेला असूनही त्याचा हा उपयोग होत नाही.

राहिला प्रश्न हजेरीच्या आकड्याचा. तो बेकारीचे माप म्हणून जपून वाचावा लागतो. काम गावापासून दूर असेल, मजुरी उशिरा मिळत असेल किंवा काम मागितल्याची नोंदच घेतली जात नसेल, तर गरज असूनही हजेरी कमी दिसते. गंगाखेड, पालम भागातील डोंगरपट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीस निघतात. त्या वर्षी पैसेवारी कमी असेल तर जाणारे कोयते अधिक असतात, आणि म्हणून डिसेंबर-जानेवारीत गावातील हजेरीपट उलट रिकामा राहतो. तो पाहून गावात काम नको आहे असा शेरा मारला गेल्याचे प्रकार घडतात. गाळप संपून मार्च-एप्रिलमध्ये ही मंडळी परततात. उचल फेडण्यात कमाई गेलेली असते, पेरणीस दोन महिने असतात, आणि खरीप हंगामात झालेली तूट हजेरीपटावर तेव्हा कोठे उमटू लागते.