‘दुरुस्त प्रकरण सोबत जोडले आहे’

पीएच.डी.च्या मार्गदर्शकांना ठरावीक काळाने एक मेल येतोच येतो. ‘मॅडम, आपण सांगितलेल्या सर्व दुरुस्त्या केल्या आहेत. प्रकरण सोबत जोडले आहे.’ मजकूर नम्र आणि शुद्ध असतो, पण जवळजवळ निरुपयोगी. जोडलेली फाइल साठ पानांची असते. मागच्या खेपेला आपण नेमके काय सांगितले होते, हे मॅडमना आता आठवत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार पीएच.डी. विद्यार्थी असू शकतात. त्यावर तास, पेपर तपासणी आणि नॅकच्या फायली. मग एक तर साठ पाने पुन्हा पहिल्यापासून वाचायची, नाही तर फाइल सवडीच्या रांगेत ढकलायची. बहुतेक फायली रांगेतच जातात.

ही रांग चुकवणारी गोष्ट म्हणजे प्रकरणासोबतचे एक पानी पत्र. ते कसे असावे, हे नमुन्यादाखल एका प्रकरणावरून पाहू. विषय अर्थशास्त्राचा: निफाड तालुक्यातले कांदा उत्पादक आणि लासलगावची बाजार समिती. तिसऱ्या प्रकरणावर मॅडमनी पेन्सिलीने चार शेरे मारले आहेत. भावांची तुलना महागाई वजा करून करा. मजकुरात १२० शेतकरी आहेत आणि एका तक्त्यात ११२, हे काय आहे? मोठे आणि लहान शेतकरी वेगळे दाखवा. पूर्वसंशोधनाचा आढावा फार लांबला आहे.

विद्यार्थिनीचे पत्र असे:

‘आदरणीय मॅडम, सप्रेम नमस्कार. प्रकरण ३ची दुरुस्त प्रत पाठवत आहे. भाव आता घाऊक किंमत निर्देशांकाने स्थिर करून घेतले आहेत (जुने पान ४१, नवे ३६). त्यामुळे ‘भाव दुपटीहून वाढले’ हे माझे विधान टिकत नाही. ते काढून परिच्छेद नव्याने लिहिला आहे. कृपया हा भाग आधी पाहावा. शेतकऱ्यांची संख्या सगळीकडे ११२ केली आहे. आठ अर्ज अपुरे होते, ते वगळल्याचे पान २२वर नोंदवले आहे. त्याने तक्ता ३.४ बदलला. प्रकरण ५मधले दोन उल्लेखही बदलावे लागतील, ते अजून केलेले नाहीत. मोठे-लहान अशी विभागणी केलेली नाही. ११२पैकी चार हेक्टरांवर जमीन असलेले फक्त नऊ आहेत. आपले मत वेगळे असल्यास तक्ता परिशिष्टात देईन. आढावा १४ पानांवरून ९वर आणला आहे, गाळलेली दोन पाने प्रकरण २मध्ये हलवली आहेत. शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या वेगळ्या नोंदवलेल्या नाहीत.’

हे पत्र बदलांच्या महत्त्वाच्या क्रमाने चालते. ज्या बदलाने निष्कर्ष हलला तो सर्वांत वर आहे आणि शुद्धलेखन तळाला. वर्डमधल्या ‘ट्रॅक चेंजेस’ला हे जमत नाही. तिथे हललेला स्वल्पविराम आणि उलटलेला निष्कर्ष दोन्ही सारख्याच रंगात दिसतात. म्हणून खुणा ठेवलेली एक प्रत आणि स्वच्छ एक प्रत अशा दोन फायली पाठवाव्यात. पण पत्राची जागा त्या घेऊ शकत नाहीत.

भावांच्या शेऱ्यामागे गणित आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा रुपया आणि आजचा रुपया सारखे नाहीत, म्हणून प्रत्येक वर्षाचा भाव त्या वर्षाच्या निर्देशांकाने भागून एका आधारवर्षाच्या मापात आणायचा. घाऊक किंमत निर्देशांकाची २०११-१२ आधाराची मालिका २०१७मध्ये आली. त्याआधीची मालिका २००४-०५ आधाराची होती. अभ्यासाचा काळ दोन्ही मालिकांना छेदत असेल, तर त्या जोडगुणकाने जोडाव्या लागतात. जोडगुणक न वापरता आकडे एकापुढे एक लावले, तर सांध्याच्या वर्षी महागाई एकदम कोसळल्यासारखी दिसते आणि त्या वर्षी कांद्याला सोन्याचा भाव आल्याचा भास होतो. मालिका कशा जोडल्या हे पत्रात एका वाक्यात आले असते, तर मॅडमचा एक फोन वाचला असता. वरच्या पत्रातली ही उणीव आहे.

आता ११२चा प्रश्न. आठ अर्ज गळल्याने फक्त एक आकडा बदलला असे वाटते, पण त्याचे हात लांबवर पोहोचतात. समजा, तक्ता ३.४प्रमाणे १२०पैकी ६८ शेतकऱ्यांनी व्यापाऱ्याकडून उचल घेतली होती, म्हणजे ५६.७ टक्के. वगळलेल्या आठांपैकी पाच जण उचल घेतलेले निघाले. आता ११२पैकी ६३ उरले, म्हणजे ५६.३ टक्के. फरक नगण्य आहे. मात्र पाचव्या प्रकरणात ‘सुमारे ५७ टक्के’ असे दोनदा लिहिलेले आहे आणि तिथे आता ५६ हवे. परीक्षकाच्या नजरेला नेमकी अशीच विसंगती पडते. मग एवढ्यावरून त्याला इतर तक्त्यांचाही संशय येऊ लागतो. म्हणून ‘अजून केलेले नाहीत’ हे शब्द मोलाचे आहेत. पाचवे प्रकरण हाती येईल तेव्हा काय शोधायचे, हे मॅडमना आजच कळले.

सर्वांत अवघड ओळ मात्र न केलेल्या दुरुस्तीची असते. आपल्याकडे मार्गदर्शकाला ‘नाही’ म्हणणे जड जाते, त्यामुळे विद्यार्थी नको असलेला तक्ता घालतात किंवा शेरा गुपचूप गाळतात. गाळलेला शेरा पुढच्या वाचनात सापडतो. मग बाकीच्या दुरुस्त्यांवरचा विश्वासही जातो. इथे विद्यार्थिनीने कारण आकड्यात दिले आहे. नऊ जणांत एकाने उत्तर बदलले तर टक्केवारी अकराने सरकते, असा तक्ता काहीच सिद्ध करत नाही. परिशिष्टाचा पर्यायही तिने पुढे ठेवला आहे, म्हणजे मॅडमना फक्त हो किंवा नाही एवढेच ठरवायचे उरले.

जुने पान आणि नवे पान दोन्ही देणे हा बारकावा छापील प्रतीवर वाचणाऱ्यांसाठी असतो. आढाव्याची पाच पाने कमी झाल्यावर पुढचे प्रत्येक पान सरकले, आणि पेन्सिलीचे शेरे तर जुन्या प्रतीवरच आहेत. मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांची आणखी एक अडचण आहे. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली फाइल दुरुस्त्या करतानाच युनिकोडमध्ये आणली, तर दोन प्रतींची संगणकावर तुलना करताना प्रत्येक ओळ बदललेली दिसते. शिवाय रूपांतरात रफार आणि जोडाक्षरे कुठे कुठे निखळतात, ती वेगळीच. आधी नुसते रूपांतर करून ती प्रत बाजूला ठेवावी आणि दुरुस्त्या त्यानंतर कराव्यात.

असे पत्र शेवटच्या रात्री लिहायला बसले तर जमत नाही, कारण तोवर काय बदलले हे विद्यार्थ्यालाच आठवत नसते. शेरा, केलेली कृती आणि पान अशा तीन रकान्यांची वही पहिल्या दुरुस्तीपासून भरत गेले, तर पत्र अर्ध्या तासात होते. हीच वही पुढेही लागते. प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगतीचा अहवाल मांडावा लागतो. नंतर प्रबंध बहिःस्थ परीक्षकांकडे जातो. त्यांनी सुधारणा सुचवल्या, तर पुन्हा तेच तीन रकाने भरायचे असतात. या वेळी वाचणारा अनोळखी असतो आणि मॅडमना फोन करून त्याला काही विचारता येत नाही.