लवादाचं कलम असलं तरी कोर्टाचं दार उघडं असतं का?

करारनाम्याच्या शेवटच्या पानांवर एक कलम असतं: वाद झाल्यास तो लवादाकडे सोपवला जाईल. सही करताना ते फारसं कोणी वाचत नाही. भांडण पेटलं, की वकील ते शोधून काढतो.

पण ते कलम असूनही एखाद्याने सरळ दिवाणी दावा लावला तर? दावा आपोआप बाद होत नाही. १९९६च्या लवाद कायद्याच्या आठव्या कलमानुसार समोरच्याने उठून अर्ज द्यावा लागतो, की करारात लवाद ठरला आहे, आम्हाला तिकडे पाठवा. सोबत मूळ करार किंवा त्याची प्रमाणित प्रत हवी. आणि हा अर्ज वादाच्या मूळ मुद्द्यांवरचं पहिलं म्हणणं मांडण्यापूर्वी, फार तर त्याच वेळी यायला हवा. निमूटपणे कैफियत दाखल करून मोकळं झालं, की ही संधी गेली.

‘पहिलं म्हणणं’ नेमकं कोणतं, याचा खल मुंबईच्या नेपियन सी रोडवरच्या दोन फ्लॅटांवरून झाला. फ्लॅट एसबीआय होम फायनान्सकडे गहाण होते आणि बूझ अ‍ॅलन ही कंपनी तिथे लिव्ह अँड लायसन्सने राहत होती. अनामत रकमेच्या करारात लवादाचं कलम होतं. कर्ज थकलं, तेव्हा फायनान्स कंपनीने १९९९मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गहाणवसुलीचा दावा लावला. बूझ अ‍ॅलनने आधी तात्पुरत्या मनाईच्या अर्जाला विरोध करणारं प्रतिज्ञापत्र दिलं आणि २००१मध्ये लवादाची मागणी केली. वेळ टळली, असं उच्च न्यायालय म्हणालं. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते खोडून काढलं: तातडीच्या अर्जाला दिलेलं उत्तर म्हणजे मूळ दाव्यावरचं म्हणणं नव्हे.

तरीही बूझ अ‍ॅलन हरलीच. गहाण मालमत्ता विकून वसुली करायची, तर त्या मालमत्तेवर हक्क सांगणाऱ्या इतरांनाही निकाल बांधतो. करारावर सही नसलेल्यांच्या हक्कांचा निवाडा खासगी लवाद करू शकत नाही. तो दावा कोर्टातच चालायचा. भाडे नियंत्रण कायद्याखालचे भाडेकरूंचे वादही असेच लवादाबाहेर राहतात.

फ्लॅट घेणाऱ्यांना मात्र याहून सोपी वाट आहे. बिल्डरच्या छापील करारात लवाद असला, तरी ग्राहक आयोगात जाता येतं; एमार एमजीएफ कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये तसं स्पष्ट केलं. बिल्डरने आठव्या कलमाचा अर्ज दिला, तरी आयोगाला तक्रार लवादाकडे पाठवावी लागत नाही.

आणि लवाद नेमला जाण्याआधीच समोरचा माल विकून पसार होईल अशी भीती असेल, तर नवव्या कलमाखाली कोर्टाकडून तात्पुरता मनाई हुकूम मागता येतो. हुकूम मिळाला, की नव्वद दिवसांत लवाद सुरू करायचा. मुदत वाढवून हवी असेल, तर ती कोर्टाकडेच मागावी लागते.