‘समानता’च्या चार ओळी

‘समानता’ या शब्दाची आद्याक्षरी कविता चार ओळींची होते, कारण मराठीत ती अक्षरांवर चालते आणि काना अक्षरासोबतच राहतो: स, मा, न, ता. ही अक्षरे वरून खाली वाचली की शब्द उमटतो. महाविद्यालयाच्या भित्तिफलकासाठी ती अशी जुळवता येते:

सगळ्यांचा माठ एक, पेलाही एक;
माझ्या ताटाशेजारी तुझे ताट.
नको आडनाव, नाव विचारावे;
ताईच्या हातचा झाडू दादानेही घ्यावा.

पहिल्या ओळीतल्या पाण्यामागे 1927चा महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह उभा आहे.

अशी कविता बहुधा तिसऱ्या ओळीत फसते. तिथे ‘न्याय’ हा शब्द सहज सुचतो. पण त्याचे पहिले अक्षर ‘न्या’ आहे, त्यामुळे उभे वाचन ‘समान्याता’ असे बिघडते. त्याहून मोठा दोष म्हणजे ‘समाज’, ‘माणुसकी’ अशा मोघम शब्दांची रांग. तिच्यात डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. ओळ स्वतंत्र कागदावर लिहून मोठ्याने वाचावी. उभ्या शब्दाच्या आधाराशिवायही ती अर्थपूर्ण वाटली, तरच ती ठेवावी. फलकावर आद्याक्षरे जाड, वेगळ्या रंगात आणि एकाखाली एक काढावीत. ओळी मध्यभागी जुळवल्या की उभा शब्द हरवतो.