तारीख गेली, पैसे कुठे गेले?

मंगल कार्यालयाच्या पावतीवर तळाला बारीक अक्षरांत एक ओळ हमखास असते : ‘कोणत्याही कारणास्तव बुकिंग रद्द केल्यास अ‍ॅडव्हान्स परत मिळणार नाही.’ लग्न मोडलं किंवा पुढे ढकललं की घरचे लोक ही ओळ वाचतात आणि पैशांवर पाणी सोडतात. खरं तर त्या ओळीवर विषय संपत नाही.

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याचं कलम ७४ सांगतं, की करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी असं कागदावर लिहिलेलं असलं, तरी समोरच्याला मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्सच्या खटल्यात हेच लावून दाखवलं. दिल्ली विकास प्राधिकरणाने लिलावातल्या एका भूखंडाचे ७८ लाख रुपये विसार म्हणून जप्त केले होते. पुढे तोच भूखंड प्राधिकरणाने कितीतरी जास्त किमतीला विकला. मग नुकसान झालंच कुठे, असं म्हणत न्यायालयाने विसार परत करायला लावला.

भूखंडाच्या जागी मुहूर्ताची तारीख ठेवून पाहा. समजा, डिसेंबरमधल्या एका तारखेसाठी कार्यालयाचं भाडं १ लाख २० हजार ठरलं. मुलीकडच्यांनी ५० हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९ हजार, असे ५९ हजार भरले. सप्टेंबरमध्ये लग्न रद्द झालं. ऐन लग्नसराईतली तारीख, त्यामुळे कार्यालय दुसऱ्यांना गेलं. पण उशिरा गेलं म्हणून भाडं १ लाख ५ हजारच मिळालं. म्हणजे मालकाचं नुकसान १५ हजारांचं. तेवढे आणि त्यावरचा २,७०० रुपये कर त्याने ठेवावा. उरलेले ३५ हजार आणि ६,३०० रुपये कर, असे ४१,३०० रुपये मागण्यात काही गैर नाही. ‘जीएसटी सरकारजमा झाला’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. सेवा दिलीच नाही, तर नोंदणीकृत व्यावसायिकाला परताव्याचं व्हाउचर काढून तेवढ्या कराचा हिशेब जुळवता येतो.

हेच लग्न चार दिवस आधी रद्द झालं आणि कार्यालय रिकामं राहिलं, तर चित्र उलटं. तिथे अ‍ॅडव्हान्स बुडाला तरी फारसं बोलता येत नाही. केटररचंही तसंच. तीन महिने आधी त्याने ना किराणा भरलेला असतो ना वाढपी ठरवलेले. त्या दिवशीचं दुसरं काम मिळायला त्याला वेळही असतो. आदल्या आठवड्यात मात्र आचाऱ्याला उचल दिलेली असते आणि माल येऊन पडलेला असतो. म्हणून निर्णय झाला की त्याच दिवशी कळवावं. फोन करावा, पण पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅप किंवा ईमेलवर तारखेसह लिहून पाठवावं. नुकसान मोजलं जाईल ते त्या क्षणापासून.

घरात मयत झाली, सुतक आलं, ही अडचण खरीच. पण कायद्याच्या दृष्टीने कार्यालय देणं अशक्य झालेलं नसतं, त्यामुळे वरचाच हिशेब लागतो. २०२० सालच्या टाळेबंदीसारखं सरकारनेच समारंभ बंद केले, तर मात्र करारच निरर्थक ठरतो आणि घेतलेला लाभ परत करण्याचं कलम ६५ लागू होतं.

पैसे मागताना अ‍ॅडव्हान्स आणि अनामत वेगळे मांडा. मोडतोड, साफसफाई, वीज यांसाठी घेतलेली अनामत कार्यालय वापरलंच नाही तर पूर्ण परत यायला हवी. कार्य पार पडलं असेल, तर मीटरचं आधीचं आणि नंतरचं रीडिंग दाखवून कपात समजावायला सांगा. तोंडी उत्तरांवर भागलं नाही, तर १५ दिवसांची मुदत देणारी नोटीस पोस्टाने पाठवा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तरीही हलले नाहीत, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबदल्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि मुदत दोन वर्षांची असते.

कळीचा पुरावा एकच : तारीख पुन्हा गेली का? मालक ते सहसा सांगत नाही. त्या दिवशी कार्यालयापाशी कुणाला तरी पाठवा. दारात फुलांच्या चौकटीत दुसऱ्याच वधूवरांची नावं झळकत असतील, तर तारखेसह त्याचा एक फोटो काढून ठेवा.